पाटीवरचं ‘सिद्धिविनायक’: युनिकोड की जुना फॉन्ट?

इनडिझाइनमध्ये ‘सिद्धिविनायक’ पेस्ट केलं की पहिली वेलांटी स च्या नंतर, उजवीकडे जाते आणि द चा पाय मोडलेला दिसतो. मग प्रश्न पडतो: युनिकोडमध्येच दुरुस्त करायचं, की श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करायचं?

जोडाक्षरांसाठी युनिकोडमध्ये फॉन्टला दोष देण्याआधी कंपोझर बघा. Paragraph पॅनलच्या मेनूत Adobe World-Ready Paragraph Composer निवडला आणि मुक्तासारखा देवनागरी फॉन्ट लावला, की वेलांटी जागेवर येते आणि द्ध जुळतो. पुन्हा टाइप करायचीही गरज नसते. जुन्या फॉन्टमध्ये अक्षराचा प्रत्येक तुकडा तयार चित्रासारखा असतो. त्यामुळे कंपोझर लागत नाही, पण पहिली वेलांटी बहुधा अक्षराच्या आधी टाइप करावी लागते आणि कळफलक निराळा.

शिरोरेषा दोन्हीकडे सारखीच हट्टी. ट्रॅकिंग शून्याच्या वर नेलं की अक्षरांमध्ये फटी पडतात. आउटलाइन करून बॉर्डर दिली तर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते; आधी पाथफाइंडरमधून Unite करा.

खरा फरक दुरुस्तीच्या वेळी कळतो. जुन्या फॉन्टची फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो.

पत्रिका, पुस्तक, वारंवार बदलणारा मजकूर असेल तर युनिकोड. जुन्या सॉफ्टवेअरवर एकदाच कापायची पाटी असेल, किंवा ग्राहकाला त्याच जुन्या वळणाचं अक्षर हवं असेल, तर जुना फॉन्ट वापरा आणि प्रेसला आउटलाइनच पाठवा.