गणपतीच्या व्हिडिओसाठी अष्टाक्षरी, ओवी की बोलतं यमक?

चतुर्थी जवळ आली की सिंधुदुर्गातल्या वाड्यावाड्यांतून एकच मागणी येते. मंडळाचा तीस सेकंदांचा शुभेच्छा व्हिडिओ करायचा आहे, मागे बोलायला चार यमकाच्या ओळी लिहून द्या. ओळी लिहिणं अवघड नाही. कागदावर छान दिसलेली ओळ माणूस बोलायला लागला की शाळेतल्या पाठांतरासारखी का वाटते, हे ओळखणं अवघड आहे. तुमच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. मी तिन्ही वापरून पाहिल्या आहेत, म्हणून एकाच प्रसंगावर तिन्ही मांडतो. प्रसंग साधा आहे: मुंबईहून चाकरमानी पहाटे घरी पोचतात आणि गणपती बसतो.

पहिली वाट अष्टाक्षरीची. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक, म्हणजे लहान अभंगाचा साचा. बहुतेकांचा हात आपोआप इकडेच वळतो.

आला गणराय घरी
आनंदाच्या येती सरी
माटवीला सजे फळ
मना मिळे नवे बळ

बोटांवर मोजा, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं भरतात. आता हेच रोजच्या आवाजात म्हणा. ‘गणराय’ आपण ग-ण-रा-य असं चार तुकड्यांत म्हणत नाही, ‘गण्-राय्’ असं दोनच तुकड्यांत म्हणतो. म्हणजे पहिली ओळ तोंडात सहा ठोक्यांची होते. दुसऱ्या ओळीत मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठळक स्वर आहे, म्हणून तिचे आठही ठोके टिकतात. तिसरीत ‘माटवी’चं ‘माट्वी’ होतं आणि ‘फळ’चा शेवटचा अ गळतो, म्हणजे पुन्हा सहा. कागदावर सारख्या असलेल्या ओळी कानाला लंगडतात त्या इथे. मराठी बोलताना शब्दाच्या शेवटचा आणि पुष्कळदा मधलाही अ गिळते, आणि अक्षरछंदाच्या मोजणीत तो धरलेला असतो.

भजनात ही अडचण येत नाही, कारण गाताना तो अ पुरा उच्चारला जातो. म्हणून व्हिडिओला आवाज तुमच्या भजनीबुवांचा असेल, मागे पखवाज असेल, तर अष्टाक्षरी बिनधास्त घ्या. बुवा ती ओढून बरोबर समेवर आणतात. पण घरातल्या काकूंना किंवा कॉलेजातल्या मुलाला ती वाचायला दिलीत, तर ते लय सांभाळण्यासाठी न बोलला जाणारा अ मुद्दाम बोलायला लागतात. तिथून पुढे शुभेच्छा राहत नाही, प्रार्थना म्हटल्यासारखं होतं.

अष्टाक्षरीची दुसरी खोड चौथ्या ओळीत दिसते. ‘बळ’ तिथे ‘फळ’साठी आलं आहे. गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी माटवीला नारळ, काकडी, कवंडळ, आंब्याचे टाळे बांधणाऱ्या माणसाला त्या क्षणी नवं बळ वगैरे सुचत नाही. यमकासाठी आणलेला शब्द ओळखायचा असेल तर ओळ साध्या गद्यात सांगून बघा. सांगताना जो शब्द आपोआप गळतो, तो भरतीचा.

दुसरी वाट ओवीची, आणि माझं मत तिच्या बाजूने आहे. ज्ञानेश्वरीतल्या ओवीचा साचा आठवा. पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा आखूड आणि यमकाविना मोकळा. अक्षरं मोजून सारखी करण्याची सक्तीही नाही.

पहाटेची गाडी आली,
ओटीवर गर्दी झाली,
पाट मांडला माटवीखाली,
बाप्पा आले.

तोंडाने मोजा: आठ, सात, सात आणि चार. पहिले तीन चरण कानाला सारखे लागतात आणि चौथा अचानक थांबतो. तो थांबाच व्हिडिओला हवा असतो. ‘बाप्पा आले’ म्हटल्यावर एक सेकंद काहीच बोलू नका, तिथे मूर्तीवरचं फडकं काढल्याचं दृश्य आणि एक घंटा पुरते. शिवाय ओळींमधला क्रम रोजच्या बोलण्याचाच आहे. ‘गाडी आली’, ‘गर्दी झाली’ असं आपण असंच म्हणतो, कुठलाही शब्द उचलून पुढेमागे करावा लागला नाही.

इथे एक धोका आहे आणि तो मराठीचाच आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे आली-झाली-गेली-बसली असं यमक फुकट मिळतं. दोनदा बरं वाटतं, चौथ्यांदा कान कंटाळतो. वर तिसऱ्या चरणात ‘खाली’ मुद्दाम घेतलं आहे. ते क्रियापद नाही, म्हणून यमक जुळूनही वाक्याचं वळण बदलतं. तीन चरणांत निदान एक शेवट असा ठेवाच.

आणि मालवणीत करायचं ठरलं तर यमक पुन्हा तपासा. प्रमाण मराठीतलं ‘गाडी आली’ मालवणीत ‘गाडी इली’ होतं, आणि झाली-खालीशी जुळणारा दुवा तिथेच तुटतो. नुसता शब्द बदलून चालत नाही, मालवणीतली ओवी मालवणीतच जुळवावी लागते.

तिसरी वाट सरळ बोलण्याची, यमक एखाद्याच जागी.

रजा मिळाली, तिकीट मिळालं, आणि पहाटे पहाटे घर गाठलं. दारात आईनं पायांवर पाणी घातलं. या, आरतीला सगळ्यांची वाट बघतोय.

गाठलं-घातलं हे कवितेतलं कडक यमक नव्हे, पण बोलताना कानाला तेवढं पुरतं. शिकाऊ आवाजाला हे सगळ्यात सोपं. आरतीची वेळ, मंडळाचं नाव, भजनाचा दिवस असं काही सांगायचं असेल तर हीच वाट धरा, कारण ‘सायंकाळी सात वाजता’ छंदात बसवायला गेलात की दोन्ही बिघडतं. उणीव एवढीच की ओळ लक्षात राहत नाही. ओवी पोरं दुसऱ्या दिवशी अंगणात म्हणत फिरतात, हे सरळ बोलणं मात्र कोणी म्हणत फिरत नाही. लिहिताना ‘आईनं’, ‘गाठलं’ असंच लिहून द्या. ‘आईने’, ‘गाठले’ लिहिलंत की वाचणारा पुस्तकी सुरात जातो.

वेळेचा हिशोब तिन्हींना सारखाच. तीस सेकंदांतले पहिले तीन आणि शेवटचे चार संगीताला सोडले की उरतात तेवीस. सावकाश बोलायचं तर सेकंदाला दोन शब्द धरा, म्हणजे जास्तीत जास्त सेहेचाळीस. लोक यात नव्वद शब्द कोंबतात आणि मग घाईत यमकच ऐकू येत नाही. वरची ओवी अकरा शब्दांची आहे. तशा दोन ओव्या, मधला थांबा आणि शेवटी एक साधं वाक्य यात सगळं मावतं.

आमच्या वाडीच्या व्हिडिओत मी गेल्या वर्षी असंच केलं. आधी अष्टाक्षरी लिहिली होती. शेजारच्या काकूंनी फोनवर वाचून पाठवली, ती ऐकताना डोळ्यांपुढे शाळेचं गॅदरिंग आलं. मग त्यांना कागद न देता विचारलं, ‘गाडी आल्यावर तुमच्याकडे काय होतं?’ त्यांनी सांगितलं त्यातून ओटी, गर्दी आणि पाट निघाले, आणि ओवीचे तीन चरण तिथेच जुळले. आरतीचं आमंत्रण सरळ गद्यात ठेवलं. काकूंनी दुसऱ्याच खेपेला ते एका दमात म्हटलं, आणि ‘बाप्पा आले’नंतर त्या न सांगता थांबल्या.