अरबी निबंध: एकगठ्ठा गुण की चार रकाने?

बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मुलांचे अरबी निबंध तपासताना २० पैकी एकच आकडा देणे झटपट होते. पण १२च का, हे मुलाला कळत नाही. व्याकरण, शब्दसंपदा, मांडणी, शुद्धलेखन यांना ५-५ गुण ठेवले की कळते, म्हणून आमची पसंती यालाच. अट एवढीच की एक चूक एकाच रकान्यात.

‘मदरसा’च्या शेवटच्या गोल ‘ता’वरचे दोन नुक्ते सुटले, तर ते शुद्धलेखन. ‘रऐतु’ म्हणजे ‘मी पाहिले’ याच्यापुढे ‘मुअल्लिमीन’ऐवजी ‘मुअल्लिमून’ आले, तर बदलले एकच अक्षर, पण चूक व्याकरणाची. ‘शिक्षकांना’ऐवजी ‘शिक्षक पाहिले’ लिहावे, तशी. नेमके इथेच दोन्हीकडे गुण कापले जातात.