टेंडर मागे घ्यायचं की व्हॅलिडिटी संपू द्यायची?

भाव भरला, टेंडर उघडलं, आपण सर्वात कमी दराचे म्हणजे एल-वन आलो आणि वर्क ऑर्डर यायच्या आत मालाचे दर चढले, असं झालं की दोनच वाटा राहतात, टेंडर मागे घ्यायचं, नाहीतर आपला भाव बांधील असण्याची मुदत म्हणजे व्हॅलिडिटी संपू द्यायची. मी दोन्ही केल्यात म्हणून सांगतो.

पहिल्यांदा डिचोलीकडे एका संरक्षक भिंतीचं काम होतं, अंदाजपत्रक 38 लाख, टेंडरसोबत भरायची अनामत म्हणजे ईएमडी 2 टक्के, 76 हजार. चिरा मी 28 रुपये धरलेला, दीड महिन्यात तो 40 वर गेला. 9 हजार चिरे लागणार होते, म्हणजे 1 लाख 8 हजाराचा खड्डा नुसत्या चिऱ्यात. 76 हजार गेलेले बरे म्हणून 41 व्या दिवशी पत्र देऊन बाहेर पडलो. हिशोब तसा चुकला नव्हता. काही टेंडरांत निम्मीच ईएमडी जप्त करतात, माझ्यात पूर्ण होती.

कोणी म्हणेल, स्वीकृती येण्याआधी ऑफर मागे घेता येते, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 5 आहे. आहे, पण मागे घेता येणं वेगळं आणि ईएमडी वाचणं वेगळं. महामार्ग प्राधिकरणाच्या खटल्यात 2003 साली सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, व्हॅलिडिटीत मागे घेतलं तर अटीप्रमाणे जप्ती योग्य.

पैशाचं दुःख मी गिळलं असतं हो, पण तेच काम तीन महिन्यांनी नव्या दराने परत निघालं आणि अटीत होतं की मागे घेणाऱ्याला फेरनिविदेत भाग घेता येणार नाही! रोज त्याच रस्त्याने साखळीला जायचो, दुसऱ्याची माणसं पाया खणताना बघायचो. माझं मन तिथेच फिरलं.

पुढच्या वेळी थांबलो. व्हॅलिडिटी 90 दिवस, 84 व्या दिवशी पत्र आलं की आणखी 60 दिवस वाढवून द्या. कारकून म्हणाला, "सही करा, सगळे करतात." सही केली की जुन्याच दराने परत अडकलो, आणि वाढवतो पण दर बदला असं लिहिलं तर तो बिडमधला बदल धरतात. मी दोन ओळींचं पत्र दिलं, मुदतवाढ मान्य नाही, ईएमडी परत द्यावी, आणि इनवर्डचा शिक्का घेतला. वाढ नाकारली म्हणून ईएमडी जप्त होत नाही. पैसे यायला दोन महिने लागले, पण पूर्ण आले, आणि फेरनिविदेत मी होतो.

धोका आहेच. 89 व्या दिवशी स्वीकृतीपत्र पोस्टात पडलं तरी तुम्ही बांधले गेलात, मग नाही म्हटलं तर ईएमडी तर जातेच, वर ब्लॅकलिस्टची टांगती तलवार. म्हणून फाईल कुठवर गेलीय ते बघा. अकाउंट्सची सही होऊन वर गेली असेल आणि तोटा ईएमडीच्या तिप्पट-चौपट असेल तर कदाचित आजच मागे घेणं बरं. फाईल टेबलावरच पडून असेल तर मी तरी थांबेन, फक्त 90 दिवस बिड उघडल्यापासून मोजायचे की भरायच्या शेवटच्या तारखेपासून, ते आधी टेंडरमध्ये वाचा.