दहा जणांतून तिघांची समिती: १२० की ७२०?

दहा जणांतून तिघांची समिती किती प्रकारे निवडता येईल, असे विचारले की ७२० आणि १२० ही दोन उत्तरे हमखास समोर येतात. दोन्ही आकड्यांमागची मोजणी बिनचूक असते, परंतु ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे असतात. ७२० हा क्रमचयाचा आकडा आहे आणि १२० हा समचयाचा. आपल्यापुढच्या प्रश्नाला यांपैकी कोणती मोजणी लागू पडते हे ज्याला ठरवायचे आहे, त्याच्यासाठी हा तुलनात्मक आढावा आहे. सूत्रे पाठ असूनही नेमकी मोजणी निवडताना गोंधळ होतो, म्हणून येथे सूत्रांपेक्षा निवडीच्या कसोटीला अधिक जागा दिली आहे.

प्रथम क्रमचय पाहू. दहा जणांना १ ते १० असे क्रमांक दिले आणि अध्यक्ष, सचिव व खजिनदार ही तीन पदे भरायची आहेत असे मानले, तर अध्यक्षपदासाठी दहा पर्याय असतात, त्यानंतर सचिवपदासाठी नऊ उरतात आणि खजिनदारपदासाठी आठ. म्हणून एकूण प्रकार १० × ९ × ८ = ७२० होतात. येथे २ हा अध्यक्ष, ५ हा सचिव आणि ९ हा खजिनदार असणे ही एक निवड झाली. २ आणि ५ यांनी पदांची अदलाबदल केली की दुसरी निवड झाली, कारण अध्यक्ष बदलला.

आता पदे काढून टाकू. समितीतील तिघांचे अधिकार समान आहेत आणि कोणालाही वेगळे पद नाही. या स्थितीत २, ५, ९ आणि ५, २, ९ या दोन यादींतून उभी राहणारी समिती एकच आहे. नावे कोणत्या क्रमाने उच्चारली, एवढाच काय तो फरक. वरच्या ७२० यादींत ही समिती नेमकी किती वेळा आली आहे, हे पाहायचे झाल्यास तिच्या सगळ्या यादी लिहून काढता येतात: २-५-९, २-९-५, ५-२-९, ५-९-२, ९-२-५ आणि ९-५-२. तीन वेगळ्या व्यक्तींची मांडणी ३ × २ × १ = ६ प्रकारे होते, आणि हे कोणत्याही तिघांबाबत तितकेच खरे आहे. प्रत्येक समिती बरोबर सहा वेळा मोजली गेल्यामुळे समित्यांची संख्या ७२० ÷ ६ = १२० होते. सूत्राच्या रूपात हेच १०! ÷ (३! × ७!) असे लिहिले जाते. त्यातील ७! मुळे गुणाकार १० × ९ × ८ येथे थांबतो आणि ३! मुळे सहापट मोजणीची दुरुस्ती होते.

या भागाकाराची एक अट सहसा बोलून दाखवली जात नाही. सहाने भागणे योग्य ठरते ते प्रत्येक समिती सारख्याच वेळा, म्हणजे नेमकी सहा वेळा, मोजली गेली असेल तरच. समजा, एकच व्यक्ती पुन्हा निवडण्याची मुभा असती, तर यादी १० × १० × १० = १००० झाल्या असत्या आणि १००० ला सहाने पूर्ण भाग जात नाही. याचे कारण असे की २-२-५ सारखा गट तीनच प्रकारे मांडता येतो आणि २-२-२ हा एकाच प्रकारे. समितीत एक माणूस दोनदा बसू शकत नाही, म्हणूनच आपला भागाकार निर्धोक आहे.

सर्वांत चिवट गैरसमज निवडीच्या कृतीविषयी आहे. चिठ्ठ्या टाकून समिती निवडली आणि चिठ्ठ्या एकामागून एक उचलल्या, तर पहिली, दुसरी आणि तिसरी चिठ्ठी असा क्रम तेथे प्रत्यक्ष घडतो. मग क्रमाला महत्त्व नाही असे कसे म्हणता येईल, अशी शंका येते. शंका रास्त आहे. परंतु मोजणीची निवड करताना कृती पाहायची नसते, कृतीअंती हाती काय उरते ते पाहायचे असते. चिठ्ठ्या उचलून झाल्यावर जाहीर होणाऱ्या समितीत कोणाची चिठ्ठी आधी निघाली याची काहीही खूण राहत नसेल, तर क्रम घडला तरी तो निकालात उतरला नाही आणि समचयच वापरायचा. याउलट, पहिली चिठ्ठी ज्याची निघेल तो अध्यक्ष असा नियम असेल, तर तोच क्रम निकालाचा भाग होतो. कसोटी म्हणून एवढे पुरते: निवडलेल्यांपैकी कोणत्याही दोघांची मनात अदलाबदल करावी आणि निकाल बदलतो का ते पाहावे.

१२० या आकड्यावर भागाकाराविना पोचण्याचा एक मार्ग आहे, आणि क्रमाला महत्त्व नसणे म्हणजे काय ते त्यातून अधिक स्पष्ट दिसते, असे मला वाटते. प्रत्येक समितीच्या सहा यादींपैकी एकच ठेवायची, आणि ती म्हणजे चढत्या क्रमांकांची. २, ५, ९ ही यादी ठेवायची आणि तिची उरलेली पाच रूपे लिहायचीच नाहीत. आता सर्वांत लहान क्रमांकानुसार मोजू. सर्वांत लहान क्रमांक १ असेल, तर बाकीचे दोघे वरच्या नऊ जणांतून येतात आणि अशा जोड्या ३६ होतात. तो २ असेल तर उरलेल्या आठांतून २८ जोड्या मिळतात, ३ असेल तर २१, आणि पुढे १५, १०, ६, ३ व १. सर्वांची बेरीज १२० येते. ७ हा सर्वांत लहान क्रमांक असेल तर ८ आणि ९, ८ आणि १० किंवा ९ आणि १० अशा तीनच जोड्या उरतात, आणि ८ सर्वांत लहान असल्यास एकच समिती होते. समित्यांची यादी हाताने किंवा संगणकावर तयार करायची झाल्यास हाच नियम उपयोगी पडतो, कारण त्यात पुनरावृत्ती शिरायला वावच राहत नाही.

क्रमचय आणि समचय या दोन टोकांमध्ये एक तिसरी स्थिती आहे, आणि व्यवहारात ती बरीच आढळते. समितीत एक अध्यक्ष असतो आणि उरलेले दोघे साधे सदस्य असतात. येथे अध्यक्षाची सदस्याशी अदलाबदल केली तर निकाल बदलतो, परंतु दोन सदस्यांची आपापसांत केली तर बदलत नाही. म्हणून ७२० ला सहाऐवजी दोननेच भागायचे आणि उत्तर ३६० येते. दुसऱ्या बाजूनेही पडताळा घेता येतो: आधी १२० पैकी एक समिती निवडावी आणि तिच्यातील तिघांपैकी एकाला अध्यक्ष करावे, म्हणजे १२० × ३ = ३६०.

| समितीची रचना | निकाल न बदलणारी अदलाबदल | भाजक | प्रकार |
|---|---|---|---|
| तिन्ही पदे वेगळी | कोणतीही नाही | १ | ७२० |
| एक अध्यक्ष, दोन सदस्य | दोन सदस्यांमधील | २ | ३६० |
| तिघेही समान | तिघांमधील कोणतीही | ६ | १२० |

तक्त्यातील ३६० हा आकडा साध्या समितीच्या मोजणीतही चुकून येतो. आधी एक जण निवडू, मग उरलेल्या नऊ जणांतून दोघे निवडू, असे म्हणून १० × ३६ = ३६० लिहिले जाते. त्यात समचय वापरलेला असल्यामुळे उत्तर बरोबर वाटते, परंतु आधी निवडलेल्या माणसाला या पद्धतीने नकळत वेगळे स्थान दिलेले असते. तो अध्यक्ष असेल तर मोजणी योग्य आहे. नसेल तर प्रत्येक समिती तीनदा मोजली गेली आहे.

हीच चूक “किमान एक” अशा अटीत अधिक लपून राहते. दहा जणांत चार स्त्रिया आणि सहा पुरुष आहेत आणि समितीत किमान एक स्त्री हवी, असे समजू. अट आधी पूर्ण करावी म्हणून चारांतून एक स्त्री निवडली जाते आणि मग उरलेल्या नऊ जणांतून कोणीही दोघे घेतले जातात: ४ × ३६ = १४४. हे उत्तर स्वतःच आपली चूक सांगते, कारण कोणतीही अट नसताना समित्या १२० होत्या आणि अट घातल्यावर त्या वाढणे शक्य नाही. योग्य मोजणी उलट बाजूने सोपी जाते. एकही स्त्री नसलेल्या समित्या सहा पुरुषांतून तिघे निवडून २० होतात, म्हणून किमान एक स्त्री असलेल्या समित्या १२० − २० = १०० आहेत.

१४४ मधील जास्तीचे ४४ कोठून आले, तेही शोधता येते. नेमकी एक स्त्री असलेल्या ६० समित्या एकेकदाच मोजल्या गेल्या. दोन स्त्रिया असलेल्या समित्या ३६ आहेत. त्यांपैकी प्रत्येकीत दोघींपैकी कोणतीही “आधी निवडलेली” असू शकते, म्हणून त्या दोनदा मोजल्या गेल्या आणि ३६ वाढले. तिन्ही स्त्रिया असलेल्या चार समित्या तीनदा मोजल्या गेल्या आणि ८ वाढले. जादा मोजणी कोठे एकपट, कोठे दुप्पट आणि कोठे तिप्पट असल्यामुळे येथे कोणत्याही एका संख्येने भागून सुटका होत नाही.

संभाव्यता काढायची असेल तर मात्र निवडीला थोडी मोकळीक आहे. चिठ्ठ्यांतून निवडलेल्या समितीत क्रमांक ४ ची व्यक्ती असण्याची संभाव्यता समचयाने ३६ ÷ १२० येते, कारण तिच्या जोडीला उरलेल्या नऊ जणांतून दोघे ३६ प्रकारे मिळतात. क्रम धरून मोजल्यास ती तीन जागांपैकी एका जागी बसते आणि उरलेल्या दोन जागा ९ × ८ प्रकारे भरतात, म्हणजे २१६ ÷ ७२०. दोन्ही अपूर्णांक ३/१० इतकेच आहेत, कारण अंश आणि छेद दोन्ही सहापट झाले आहेत. धोका आहे तो एक पद्धत अंशात आणि दुसरी छेदात वापरण्याचा. २१६ ÷ १२० लिहिले तर संभाव्यता एकाहून मोठी येते आणि चूक लगेच उघडी पडते. ३६ ÷ ७२० लिहिले तर १/२० हे दिसायला निरुपद्रवी उत्तर मिळते, आणि दहांपैकी तीन जागा असताना प्रत्येकाची संधी ३/१० असायला हवी याच्याशी ते ताडून पाहिल्याखेरीज त्यातील चूक लक्षात येत नाही.