गोबरगॅसचा ‘शुद्धीकरण फिल्टर’ विकायला कोणी आलं, तर आधी शेगडीचं जेट बघा

कोल्हापूरकडच्या गावांत सध्या गोबरगॅसला बसवायचा एक फिल्टर विकत फिरणारी माणसं येतात. आमच्याकडे एकाने आधी ‘बायोगॅस स्पेशल’ म्हणून 2,600 रुपयांची शेगडी दिली, आणि ती नीट पेटेना म्हटल्यावर 4,500 चा फिल्टर गळ्यात मारला. शेगडी आणि फिल्टर दोन्हींत फसवणूक होती, पण तिची गंमत अशी की विकणारा बोलतो त्यातलं निम्मं खरं असतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचा प्लँट 2 घनमीटरचा, लोखंडी टाकी वर-खाली होते तो जुन्या पद्धतीचा. रोज साधारण 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी कालवून घालतो. जुनी शेगडी गंजली म्हणून नवी घेतली. नवीवर ज्योत बोटाच्या पेराएवढी, आणि हवेची पट्टी जरा उघडली की ज्योत बर्नर सोडून वर उचलायची आणि फुस्स करून विझायची. आईचा चहा होईना, भाकरीची तर बातच सोडा. फोन केल्यावर तो मोठ्या तत्परतेने आला आणि म्हणाला, “काकी, शेगडी एक नंबर आहे. तुमचा गॅसच कच्चा आहे. यात मिथेन फक्त 60 टक्के, बाकी न जळणारा कार्बन डायऑक्साइड. फिल्टर लावा, 95 टक्के मिथेन मिळेल.”

यातले आकडे बरोबर आहेत. शेणाच्या गॅसमध्ये 55 ते 65 टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, सोबत पाण्याची वाफ आणि सडक्या अंड्यासारखा वास देणारा थोडासा हायड्रोजन सल्फाइड असतो. जळतो तो मुख्यतः मिथेन. पण गॅस असाच असतो, आणि 60 टक्के मिथेनवर शेगडी उत्तम चालते, आमची जुनी चालत होतीच की. नवीन प्लँट भरल्यावर पहिल्यांदा येणारा गॅस पेटत नाही, कारण त्यात मिथेन फार कमी असतो, तो सोडून द्यावा लागतो. ती गोष्ट वेगळी.

फिल्टर म्हणजे प्लॅस्टिकचं नळकांडं, आत 2 किलोच्या आसपास पांढरे खडे आणि वर कोळशाचा थर. ते जोडताना त्याने नळीच्या सखल जागी असलेला पाणी काढायचा नळ उघडला, भसाभस पाणी आलं. मग शेगडी पेटवली तर ज्योत खरंच स्थिर झाली. सगळे खूश. खरं तर गॅस टाकीतून ओला आणि कोमट निघतो, नळीत गार झाला की पाणी साचतं आणि ज्योत धडधडायला लागते. ते पाणी काढणं एवढाच त्या दिवशीचा चमत्कार होता. ज्योत स्थिर झाली, पण मोठी झाली नाही, हे कोणाच्या ध्यानात यायच्या आत पैसे घेऊन स्वारी गेली होती. वर जाता जाता सांगून गेला, “3 महिन्यांनी 700 रुपयांची पावडर बदला.”

आता हिशेब बघा. खडे चुन्याचे होते. चुना कार्बन डायऑक्साइड शोषतो, हेही खरं. पण 1 किलो शुद्ध विरलेला चुना पुरेपूर वापरला गेला तरी जेमतेम 325 लिटर वायू शोषतो. आमच्या 2 घनमीटर गॅसमध्ये रोज 800 लिटरच्या घरात कार्बन डायऑक्साइड असतो. म्हणजे दिवसाला अडीच किलो चुना लागेल, आणि हा 2 किलोवर 3 महिने काढणार!

माझा मेहुणा ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याने हातमोजे घालून एका मोठ्या सिरिंजमध्ये कॉस्टिक सोड्याचं द्रावण घेतलं, वर 40 मिली गॅस ओढून तोंड बंद केलं आणि हलवलं. सोडा कार्बन डायऑक्साइड पिऊन टाकतो आणि उरतो तो बहुतेक मिथेन. फिल्टरच्या आधीचा गॅस 40 चा 24 मिली उरला, म्हणजे 60 टक्के. फिल्टरनंतरचा गॅसही 24 च. कॉस्टिकने कातडी भाजते, तेव्हा हा प्रयोग माहीतगारानेच करावा.

आणि समजा, फिल्टर खरोखर चालला असता, तरी काय मिळालं असतं? कार्बन डायऑक्साइड काढल्याने मिथेन वाढत नाही. रोजच्या 2 घनमीटरमधला 1.2 घनमीटर मिथेन तेवढाच राहतो. ज्योत जरा जास्त तापेल, पण एकूण उष्णता तीच. गाडीत भरायचा गॅस करताना ही शुद्धी लागते, पण ते काम दाबाखाली, मोठ्या यंत्रांनी होतं.

उलट फिल्टरने नुकसानच केलं. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून, पाणी भरून, शेगडीजवळ जोडली की दोन बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजे गॅसचा दाब. आमचा 80 मिलिमीटर असायचा. फिल्टर लावून, शेगडी पेटती ठेवून मोजला तर 50. ओलाव्याने चुन्याचा गोळा झाला होता आणि गॅस त्यातून जेमतेम वाट काढत होता.

खरा दोष शेगडीत होता. बर्नर उचलून जेट, म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून गॅस बर्नरमध्ये सुटतो तो तुकडा, काढलं तर भोक सुईच्या टोकाएवढं, 0.8 मिलिमीटरच्या आसपास. ती सरळसरळ सिलेंडरची शेगडी होती, फक्त स्टिकर बदललेला. सिलेंडरचा गॅस रेग्युलेटरमधून सुमारे 300 मिलिमीटर दाबाने येतो आणि घनमीटरमागे गोबरगॅसच्या पाचपट उष्णता देतो. त्याच भोकातून आमचा 80 मिलिमीटर दाबाचा गॅस सोडला तर उष्णता साधारण सातवा हिस्साच मिळते. तेवढीच हवी तर भोकाचं क्षेत्रफळ सातपट, म्हणजे व्यास अडीचपटीहून थोडा जास्त लागतो. म्हणून गोबरगॅसच्या जेटचं भोक 2 मिलिमीटरच्या पुढे असतं.

हवेचंही तसंच. सिलेंडरच्या 1 भाग गॅसला 25 ते 30 भाग हवा लागते, गोबरगॅसला सहाच्या आत. शिवाय कार्बन डायऑक्साइडमुळे ही ज्योत सावकाश सरकते, म्हणून मिश्रण जोरात किंवा जास्त हवेने आलं की ती भोकांवर टिकत नाही. आमची ज्योत उचलायची ती यामुळे.

आता ISI खूण असलेली, IS 8749 या मानकाची गोबरगॅस शेगडी आणली आहे. ती लावतानाही हवेची पट्टी बसवून घ्यावी लागते. पट्टी बंद ठेवून पेटवायची, ज्योत लांब, मऊ, डुलणारी दिसते. मग हळूहळू उघडत जायचं. ज्योत आखूड निळी होऊन आतला छोटा शंकू स्पष्ट दिसला की थांबायचं. फुसफुस आवाज येऊन ज्योत उचलायला लागली तर पट्टी किंचित मागे घ्यायची. टाकी भरलेली असताना, वर भांडं ठेवून हे करावं.

त्या विकणाऱ्याने दिलेल्या शेगडीचं जेट गॅरेजवाल्याकडून 2 मिलिमीटरच्या ड्रिलने मोठं करून बघितलं होतं. ज्योत सुधारली, पण बर्नरच्या डोक्याची भोकं अपुरी पडली आणि ज्योत कडेने उचलतच राहिली. आता ती गोठ्यात पडून आहे, जेट काढून टाकलेलं. असं जेट वाढवलेली शेगडी चुकूनही सिलेंडरला जोडू नका किंवा कोणाला देऊ नका. ठरल्याच्या सहा-सातपट गॅस बाहेर येईल आणि भडका उडेल.

विकणाऱ्याने पक्कं बिल दिलं नव्हतं आणि आता फोन उचलत नाही. ऑनलाइन पैसे भरल्याची नोंद आणि शेगडीवरच्या स्टिकरचे फोटो घेऊन ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली आहे. त्याने गावात अजून 2 घरी फिल्टर बसवलाय, त्यांच्याही शेगडीचं जेट मी काढून बघितलं. एकाकडे तीच सिलेंडरची शेगडी. दुसऱ्याची शेगडी बरोबर होती, त्याची नळी फक्त पाण्याने भरली होती.