जैसलमेरची वाळू बघायला कधी जावं? दिवाळी, नाताळ, माघ आणि मे यांचा हिशेब, खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

आपल्याकडे वाळवंटाच्या सहलीचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "आपलाले ऊन काय नवं शे?" भुसावळ-जळगावचा 45 अंशांचा मे महिना दरवर्षी अंगावर घेणाऱ्या माणसाला राजस्थानची भीती कशाला, आणि मुलांना लांबलचक सुट्टी तर मे महिन्यातच असते. शिवाय हॉटेलं स्वस्त. त्यामुळे मे महिन्यापासूनच सुरुवात करू.

भुसावळचं ऊन आपण सोसतो म्हणजे नेमकं काय करतो? सकाळी अकराला खिडक्या बंद, कूलरमध्ये पाणी, बाहेरची कामं संध्याकाळी सहानंतर. आपण उन्हात राहत नाही, उन्हापासून लपून राहतो, आणि ते आपल्याला छान जमतं. वाळवंटात गेलेला माणूस मात्र लपायला गेलेला नसतो. वाळूवर चढायचं असतं, उंटावर बसायचं असतं, रात्री तारे बघायचे असतात आणि राहायला बहुतेक कापडी तंबू. जैसलमेरला मे महिन्यात दुपारचं सरासरी तापमान 41-42 अंश असतं, वाईट दिवशी ते 47 च्या वर जातं. जोधपूरहून जैसलमेरला जाताना वाटेत लागणाऱ्या फलोदीत 19 मे 2016 रोजी 51 अंशांची नोंद झाली होती. हे सगळे सावलीतले आकडे. उघडी वाळू त्याहून कितीतरी जास्त तापते आणि चपलेच्या कडेवरून आत आली की पाय भाजतो.

धोका कळत नाही तो वेगळ्याच कारणाने. हवा अंगापेक्षा गरम झाली की वारा गार करण्याऐवजी अंग तापवायला लागतो, आणि तीच कोरडी लू घाम येता येता वाळवून टाकते. शर्ट ओला होत नाही, म्हणून घाम येतच नाही असं वाटतं आणि पाणी पिणं मागे पडतं. लघवी गडद पिवळी झाली की अंगात पाणी कमी पडलंय हे ओळखावं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, कातडी तापलेली असली तर तो उष्माघात. मग त्याला सावलीत नेऊन, अंगावर पाणी ओतत, वारा घालत ताबडतोब दवाखाना गाठायचा. वाळूच्या टेकड्या आहेत त्या सम गावापासून जैसलमेर शहर सुमारे 40 किलोमीटर आहे, हे तेव्हा आठवतं.

आता गंमत अशी की आकाशगंगेचा सगळ्यात दाट, झगझगीत भाग रात्री भरपूर वेळ वर दिसतो तो मे-जूनमध्येच. पण त्याच महिन्यांत थरमध्ये आंधी येते, आणि आंधी नसली तरी बारीक धूळ हवेत तरंगत राहते. क्षितिजाकडचे तारे त्या धुळीत बुडतात, डोक्यावरचे पिवळट दिसतात. वाळूवरच्या बऱ्याचशा तंबू-छावण्या या दिवसांत बंदच असतात. म्हणजे ऊन सोसून गेलात तरी वाळू, उंट आणि तारे या तीनपैकी एकही गोष्ट धड मिळत नाही. मे काटाच.

उरलेल्या तीन पर्यायांत ऊन हा मोठा प्रश्न नाही. तिथे निर्णय चंद्राने करायचा, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. सहल ठरवताना लोक हवामान बघतात, रेल्वे बघतात, भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बघत नाहीत. पौर्णिमेच्या रात्री वाळूच्या टेकड्या सुरेख दिसतात हे खरं, पण तारे मोजकेच उरतात. संध्याकाळी काळोख हवा असेल तर वद्य पंचमीपासून शुद्ध पंचमीपर्यंतचे दिवस पकडायचे. वद्य पक्षात चंद्र रोज साधारण पाऊण ते एक तास उशिरा उगवतो, सप्तमी-अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. शुद्ध पंचमीला तो रात्री साडेनऊ-दहाला मावळतो. या एका नियमावर तिन्ही पर्याय तपासून बघा.

दिवाळी या नियमात आपोआप बसते. वसुबारस वद्य द्वादशीची, लक्ष्मीपूजन अमावास्येचं, भाऊबीज शुद्ध द्वितीयेची. कुठल्याही वर्षी दिवाळीच्या रात्री काळोख्याच. फरक पडतो तो उन्हाचा. दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आली तर जैसलमेरला दुपारी 35-36 अंश असतात, म्हणजे दुपार वाया. नोव्हेंबरात आली तर दिवसा 31-32 आणि रात्री 15-16, एका शालीत भागतं. 2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे उशिराची, चांगली. अडचण गर्दीची. पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत अर्धा गुजरात फिरायला निघतो आणि त्यातला मोठा भाग जैसलमेरला पोचतो. शिवाय आपल्याकडे तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते. ज्यांच्या घरी कपाशी आहे त्यांनी या पर्यायाचा विचारही करू नये.

नाताळ ते नववर्ष हा सगळ्यांचा आवडता काळ. दिवसा 25-26 अंश, वाळूवर भर दुपारीसुद्धा बसता येतं. पण रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, जानेवारीत 7-8 पर्यंत, थंडीची लाट असेल तर त्याहून खाली, आणि कोरडी वाळू ऊब धरून ठेवत नाही. सूर्य मावळल्यावर तासाभरात बसायची जागा गारठते. जळगावच्या थंडीतला स्वेटर पुरत नाही; कानटोपी, जाड मोजे, जाकीट आणि खाली अंथरायला चटई हवी. चंद्राचं म्हणाल तर 2026 मध्ये पौर्णिमा 24 डिसेंबरला आहे, म्हणजे ऐन नाताळात लख्ख चांदणं. 28 डिसेंबरपासून संध्याकाळ पुन्हा काळोखी होते, पण तोवर 31 ची धूम: फटाके, डीजे, दिव्यांच्या माळा आणि वर्षातले सगळ्यात चढे भाव. तारे बघायला जायचं असेल तर हा आठवडा मला पसंत नाही.

ज्यांना शाळेचं बंधन नाही त्यांनी डिसेंबरचा दुसरा आठवडा बघावा. 9 डिसेंबर 2026 ला अमावास्या आहे. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो, आणि कोवळा चंद्र तोवर मावळलेला असेल. गर्दी कमी, हवा स्वच्छ. तिन्हींत हाच सरस.

माघाबद्दल थोडक्यात. जैसलमेरचा मरू महोत्सव माघ पौर्णिमेला धरून भरतो. उंटांच्या शर्यती, लोकसंगीत, मिशांची स्पर्धा सगळं असतं. हवा फेब्रुवारीची, म्हणजे दिवसा 27-28, उत्तम. पण मुहूर्तच पौर्णिमेचा आहे, तेव्हा ताऱ्यांची अपेक्षा घरी ठेवून जायचं. तारे हवे असतील तर 2027 मध्ये 6 फेब्रुवारीच्या अमावास्येच्या आगेमागे जा, महोत्सव सोडा.

समजा जळगावचं एक कुटुंब आहे: आई-बाबा, सहावी-नववीतली दोन मुलं आणि सत्तरीची आजी. शाळेमुळे डिसेंबरचा दुसरा आठवडा बाद. भाऊबीज 11 नोव्हेंबरला उरकून 12 च्या रात्री निघायचं: ताप्ती लाईनने सुरत, तिथून जोधपूरची गाडी, पुढे जैसलमेर सुमारे 280 किलोमीटर. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 12 नोव्हेंबरचं तिकीट 13 सप्टेंबरला, गणपती बसायच्या आदल्याच दिवशी. त्या सकाळी बाबांनी मखर सोडून मोबाईल हातात घ्यायचा.

14 तारखेला जैसलमेरला पोचल्यावर बहुतेक जण आधी किल्ला, मग वाळू असं करतात. यांनी उलट करावं. शुद्ध पक्षात चंद्र रोज मोठा होतो आणि रोज उशिरा मावळतो. 14 ला तो दहाच्या सुमारास जाईल, दोन दिवसांनी मध्यरात्रीकडे. म्हणून पहिली रात्र वाळूवर, किल्ला आणि हवेल्या नंतर. दुपारी साडेतीनपर्यंत मुक्कामी पोचलं तर उन्हं उतरताना उंटावर बसता येतं.

मुक्काम सम की खुरी? समच्या टेकड्या मोठ्या, पण रस्त्याकडेने छावण्यांची रांग, संध्याकाळी जीपची घरघर, रात्री कालबेलिया नाच आणि मोठे दिवे. खुरी शहराच्या नैर्ऋत्येला 45-50 किलोमीटरवर. टेकड्या लहान, पण गाव शांत. मुलांना धमाल हवी असेल तर सम, आकाशासाठी खुरी. कुठेही बुकिंग करताना फोनवर दोनच प्रश्न विचारा: गाणी किती वाजता थांबतात, आणि बाहेरचे दिवे किती वाजता बंद करता. उत्तर "साहेब, रात्रभर लाईट, काळजी नको" असं आलं की दुसरा नंबर लावा. जोधपूरजवळचं ओसियां प्रवास वाचवतं, पण टेकड्या बुटक्या आणि झुडपांच्या. कच्छचं पांढरं रण सुंदर आहे, पण ते मिठाचं. वाळूच्या टेकड्या हव्या असतील तर ते या यादीतच नाही.

उंटाचं एक सांगतो. बसलेला उंट उठतो तेव्हा आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो. खाली बसताना पुढचे गुडघे आधी मोडतो, तेव्हाही झोका पुढेच. दोन्ही वेळा पलाणाची पुढची खुंटी घट्ट धरून पाठ मागे टाकायची. चालताना पाय लोंबकळते ठेवले की मांड्या सोलतात, म्हणून सुती फुल पँट, आणि पाऊण तास पुरे. हिवाळ्यात नर उंट माजावर येतात. तोंडाला फेस, गळ्यातून बुडबुड आवाज, आणि तोंडातून फुग्यासारखी लालसर पिशवी बाहेर. असा उंट पुढे आणला तर मुलांना त्यावर बसवू नका, सांडणी मागा. आजींनी उंटगाडीने जावं. गुडघे दुखणाऱ्याला तो पुढचा झोका नको.

14 ला सूर्य सहाच्या आसपास मावळेल, सव्वासातला पुरता अंधार पडेल. पश्चिमेला श्रवण, अभिजित आणि हंस उतरत असतील, उत्तरेला शर्मिष्ठा, पूर्वेला कृत्तिका आणि रोहिणी. जेवण आठलाच आटोपून मुलांनी थोडी झोप काढावी. दहाला चंद्र गेला की त्यांना उठवायचं. मृग तोवर वर आलेला असेल आणि थोड्या वेळाने व्याधही उगवेल. ध्रुव आपल्याकडच्यापेक्षा सहा अंश उंच दिसतो, हे नववीतल्या मुलाला मुठीने मोजायला सांगा: हात ताठ धरला की मूठ साधारण दहा अंशांची. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पडदा एकदा पेटला की ती सगळी वाया जातात, तेव्हा फोन आजींच्या पिशवीत ठेवायचे.