मोठं स्प्रॉकेट बसवून ॲव्हरेज वाढलं? आधी मीटर तपासा

एका बाइकवाल्याची फसवणूक कशी झाली ते सविस्तर लिहितोय, कारण यात खोटा पुरावा खुद्द गाडीचं मीटरच देतं. गॅरेजवाल्याने सांगितलं, "मागचं स्प्रॉकेट बदलून देतो. पिकअप, टॉप स्पीड, ॲव्हरेज, तिन्ही वाढतील." स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक. गाडीला पुढे 14 आणि मागे 42 दात्यांचं स्प्रॉकेट होतं. मागे 45 दात्यांचं बसवलं, बिल मात्र पूर्ण चेन सेटचं लावलं.

पिकअप खरंच वाढला. आधी पुढच्या स्प्रॉकेटच्या 3 फेऱ्यांत मागचं चाक एकदा फिरायचं, आता त्यासाठी 3.21 फेऱ्या लागतात. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकाला सुमारे 7 टक्के जास्त जोर मिळतो. त्याच वेळी प्रत्येक गिअर 7 टक्के कमी वेगाला संपतो. जिथे इंजिन 5000 आरपीएमवर चालायचं, तिथे त्याच वेगाला आता साधारण 5360 वर फिरतं. चढावर आणि डबलसीट असताना हा फरक सुखाचा वाटतो, हायवेवर मात्र इंजिन सतत ओरडत राहतं.

फसवणूक पुढे आहे. या गाडीचा स्पीड सेन्सर गिअरबॉक्सवर, पुढच्या स्प्रॉकेटजवळ होता. असा सेन्सर चाकाच्या नाही, गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्या मोजतो. मागचे दाते वाढले हे त्याला कळतच नाही. गाडी 100 किलोमीटर चालली की मीटर 107 दाखवतं.

आता हिशेब बघा. आधी टाकी फुल करून 8 लिटरमध्ये 360 किलोमीटर, म्हणजे 45 चं ॲव्हरेज. बदल केल्यावर 8 लिटरमध्ये मीटरवर 372 दिसले, म्हणजे साडेसेहेचाळीस. मालक खूश झाला. पण 372 ला 1.071 ने भागलं की खरं अंतर जेमतेम 347 किलोमीटर भरतं, आणि खरं ॲव्हरेज साधारण 43.4. म्हणजे वाढ नाही, घट. इंजिनाचे फेरे 7 टक्के वाढूनही पेट्रोल तितकं जास्त लागलं नाही, कारण गाडी ओढायला लागणारी ताकद तीच आहे. वाढतं ते मुख्यतः आतलं घर्षण आणि हवा ओढण्यातला तोटा.

टॉप स्पीडचंही तेच. मीटरवर 108 च्या जागी 112 दिसू लागले. खरा वेग जुन्या मापाने साधारण 104.5. टॉप गिअरमध्ये हे मीटर खरं तर इंजिनाचे फेरेच दाखवतं. फेरे वाढले म्हणून आकडा वाढला.

सेन्सर किंवा केबल पुढच्या चाकावर असेल तर हा घोळ होत नाही. मागच्या चाकाच्या हबवर असेल तरीही नाही. तपासायला सोपं आहे: सेन्सरची वायर कुठे जाते ते बघा. ती पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरजवळ जात असेल, तर स्प्रॉकेट बदलल्यावर मीटरवर विसंबू नका. मोबाइलचं जीपीएस लावून मोकळ्या रस्त्यावर 20 किलोमीटर चालवा आणि मीटरशी ताडून बघा. बदलाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा हे करावं. मीटर मुळातच थोडं जास्त दाखवत असतं, म्हणून आधीचा आकडा हातात असणं गरजेचं.

उलट्या बाजूनेही असंच घडतं. 39 दात्यांचं स्प्रॉकेट "ॲव्हरेजसाठी" म्हणून बसवलं तर सपाट रस्त्यावर एका वेगाने चालवताना पेट्रोल थोडं वाचू शकतं. पण सुटताना क्लच जास्त घासतो आणि चढावर गिअर उतरवावा लागतो. लहान इंजिनात टॉप गिअर ओढला गेला नाही, तर टॉप स्पीड वाढण्याऐवजी घटतो. शिवाय गिअरबॉक्सवरच्या सेन्सरचं मीटर कमी दाखवतं: आकडा 60 असताना गाडी 64 च्या पुढे असते. हे धोक्याचं आहे.

आता बिलाकडे. चेन सेट म्हणजे पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट आणि चेन. इथे फक्त मागचं नवं होतं. 3 दाते वाढले की चेनच्या साधारण दीड लिंकची जास्त गरज पडते, ती चाक पुढे सरकवून भागवतात. चेन वर आणि खाली अशी दुहेरी जात असल्याने चाकाला त्याच्या निम्मंच सरकावं लागतं: अर्धा इंच पिचच्या, म्हणजे एका पिनेपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच असलेल्या चेनला सुमारे साडेनऊ मिलिमीटर. जुनी चेन ताणलेली असल्याने ॲक्सल मागे गेलेला असतो, त्यामुळे ती विनासायास बसते आणि कुणाला संशय येत नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढून बघा. दात्याचा जवळपास अर्धा भाग उघडा पडत असेल तर ती चेन नवी नाही, आणि ती नव्या स्प्रॉकेटचे दाते लवकर खाईल. गाडी ताब्यात घेण्याआधी मागचे दाते खडूने खूण करून मोजा, आणि काढलेले जुने तिन्ही भाग मागून घ्या.